रजेचा अर्ज आणि परतीची तारीख

‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा’ ह्या तारेने एकेकाळी आपल्या कचेऱ्यांतून इतक्या रजा मिळवून दिल्या, की पुढे पुढे खरी तार आली तरी साहेबांच्या चेहऱ्यावर अविश्वासाचे हसू उमटत असे. तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. अविश्वास मात्र बंद झाला नाही. तो आता समुद्रापलीकडे गेला आहे. रत्नागिरी, रायगड वा सिंधुदुर्गातून आखाती देशांत गेलेला कारकून, फिटर किंवा गुदामरक्षक वडिलांच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी दीर्घ रजा मागतो, तेव्हा त्याचा अर्ज वाचणाऱ्या व्यवस्थापकाच्या मनात दुःखाविषयी फारसा संशय नसतो. त्याची शंका एकच असते: हा मनुष्य परत येणार का, आणि कधी? बहुतेक अर्जांत नेमके ह्याच प्रश्नाचे उत्तर नसते.

हा केवळ पत्रलेखनाचा प्रश्न नाही. रजा हा हक्क आहे की मेहेरबानी, ह्यावर अर्जाचे स्वरूप ठरते, आणि ते देशोदेशी भिन्न आहे. अमेरिकेत 1993 च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने पात्र नोकराला आईवडिलांच्या गंभीर आजारात वर्षाकाठी 12 आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. मालकाकडे किमान 50 नोकर असावेत आणि अर्जदाराची नोकरी किमान 12 महिन्यांची व त्या काळातील काम 1,250 तासांचे असावे, अशा अटी आहेत. परंतु नोकर परदेशी आहे किंवा आजारी वडील पुण्यात आहेत, ह्या कारणावरून ती नाकारता येत नाही. पुण्यातील डॉक्टरचा दाखलाही ग्राह्य धरावा लागतो. तेथील अर्ज म्हणजे हक्काची सूचना होय.

संयुक्त अरब अमिरातींत स्थिती वेगळी आहे. तेथे 2 फेब्रुवारी 2022 पासून नवा कामगार कायदा अमलात आहे. त्यात आई किंवा वडील वारले तर तीन दिवसांची भरपगारी रजा आहे. परंतु ते आजारी असतील, त्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर त्यासाठी स्वतंत्र रजा नाही. मृत्यूला तीन दिवस आणि मृत्यू टाळण्यासाठी शून्य, असा हा हिशेब आहे. ‘इमर्जन्सी लीव्ह’ हा शब्द तेथील प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी असतो, पण त्या नावाची रजा कायद्यात नाही. उरतात त्या दोन गोष्टी. वर्षाची सेवा झालेल्याला मिळणारी 30 दिवसांची वार्षिक रजा, आणि मालकाच्या संमतीने मिळणारी बिनपगारी रजा. पैकी पहिली हक्काची असली तरी तिच्या तारखा मालक कामाच्या सोयीने, नोकराशी ठरवून नेमतो. दुसरी तर सर्वस्वी संमतीचीच आहे. म्हणजे तातडीच्या वेळी दोन्ही बाबतींत अर्जदार मागणारा असतो. त्याने अर्ज लिहायचा तो हे जाणून.

पहिला मसुदा

माझा एक माजी विद्यार्थी दुबईजवळ एका व्यापारी संस्थेच्या गुदामात हिशेबाचे काम करतो. सेवा चार वर्षांची, मूळ वेतन 2,000 दिरहम व भत्ते 1,200. त्याच्या मधुमेही वडिलांना छातीत दुखू लागले. तपासणीत हृदयाच्या डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा आढळला आणि शल्यविशारदांनी 12 मार्च ही बायपासची तारीख दिली. त्याने केलेला मसुदा त्याने मला वाचून दाखवला. वडील अतिशय गंभीर आहेत, मी एकुलता मुलगा आहे, घरी आईखेरीज कोणी नाही, तरी कृपा करून दोन महिने वा आवश्यक असेल तेवढी रजा द्यावी व उपकृत करावे, असा त्याचा आशय होता.

ह्यातील प्रत्येक शब्द खरा होता आणि तरीही व्यवस्थापकाच्या दृष्टीने पत्र निरुपयोगी होते. ‘दोन महिने वा आवश्यक असेल तेवढी’ ह्या शब्दांचा अर्थ मालकाच्या लेखी ‘तारीख नाही’ असाच होतो. तारीख नसेल तर त्याला बदली माणूस किती दिवसांसाठी नेमावा हे कळत नाही आणि मग कायमचाच दुसरा माणूस पाहणे त्याला सोयीचे वाटते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मालकाला अनुपस्थितीची किंमत सोसवते. अनिश्चितीची किंमत सोसवत नाही. अर्जाचे काम करुणा उत्पन्न करण्याचे नसून अनिश्चिती कमी करण्याचे आहे.

दिवसांचा हिशेब

म्हणून आम्ही आरंभ दिवसांपासून केला. किती रजा मागावी हे मनाने नव्हे, उपचाराने ठरवायचे. बायपासमध्ये छातीचे मधले हाड कापावे लागते. रुग्ण साधारणपणे आठवडाभर इस्पितळात असतो, त्यातले पहिले दोनतीन दिवस अतिदक्षता विभागात. पण हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. ह्या काळात जड वस्तू उचलणे, हातांवर भार देऊन अंथरुणातून उठणे वर्ज्य असते. मधुमेह असेल तर जखमेत पू होण्याचा धोका अधिक, आणि तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दिसून येतो. वृद्ध आईला एकटीला न झेपणारे दिवस ते हेच. 12 मार्चला शस्त्रक्रिया, म्हणजे सहा आठवडे 23 एप्रिलला पुरे होतात. त्यानंतर त्याची मुंबईची बहीण येऊन राहणार होती. तेव्हा 9 मार्च ते 22 एप्रिल असे 45 दिवस मागावयाचे, आणि 23 एप्रिलला कामावर रुजू व्हावयाचे, हे ठरले.

पुढचा प्रश्न ह्या 45 दिवसांची विभागणी. त्याची वार्षिक रजा 18 दिवस शिल्लक होती. ती 26 मार्चपर्यंत पुरत होती. 27 मार्चपासूनचे 27 दिवस बिनपगारी. ही फोड पत्रात स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण नुसती ‘रजा’ मागितली की पगार किती कापायचा ह्यावरून वाद माजतो आणि मंजुरी अडून राहते. बिनपगारी दिवसांची किंमतही नोकराने आधीच जाणावी. दरमहा 3,200 दिरहम ह्या हिशेबाने 27 दिवसांचे 2,880 दिरहम गेले. शिवाय बिनपगारी काळ सेवेत धरला जात नाही, त्यामुळे सेवासमाप्तीच्या उपदानातही घट होते. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे 21 दिवसांचे मूळ वेतन, ह्या दराने ही घट जेमतेम शंभर दिरहमांची होते. ह्या दुसऱ्या नुकसानीच्या भीतीने अनेकजण बिनपगारी रजा मागायचेच टाळतात आणि वार्षिक रजेवर येऊन पुढे मुक्काम लांबवतात. ती खरी महाग चूक होय.

कारण विनापरवाना लांबलेल्या मुक्कामाचा हिशेब निराळा आहे. सबळ कारणावाचून सलग सात दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास मालक पूर्वसूचना न देता काढून टाकू शकतो, आणि कामावर न आल्याची तक्रार सरकारी दप्तरी नोंदवली गेली तर पुढच्या नोकरीचे दारही लागू शकते. वडिलांचे आजारपण हे सबळ कारण नव्हे काय? असेलही. पण ते मालकाला वेळेवर, लेखी कळवलेले असेल तरच त्याचा उपयोग.

पत्रात काय असावे

अखेर जे पत्र गेले ते एका पानाचे होते. पहिल्याच वाक्यात मागणी होती: वडिलांच्या 12 मार्चच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी 9 मार्च ते 22 एप्रिल रजा मिळावी, 23 एप्रिलला मी रुजू होईन. दुसऱ्या परिच्छेदात 18 व 27 दिवसांची फोड होती. तिसऱ्यात त्याच्या कामाची व्यवस्था: मार्चअखेरचा साठा कोण मोजणार, बिले कोण तपासणार, कोणत्या सहकाऱ्याने ते मान्य केले आहे. हा परिच्छेद बहुतेक अर्जांत नसतो, आणि व्यवस्थापक सर्वांत आधी तोच शोधतो. चौथ्यात पुढचे वाक्य होते: ‘जखम भरण्यास विलंब झाल्यास मी 10 एप्रिलपर्यंत डॉक्टरांच्या दाखल्यासह कळवीन, आपली लेखी संमती मिळाल्याखेरीज मुक्काम वाढवणार नाही.’ वाढीची शक्यता लपवली तर पुढे ती फसवणूक वाटते. आधी सांगून तिला तारीख लावली तर ती व्यवस्थेचा भाग होते.

सोबत दोन कागद जोडले. एक परतीचे तिकीट आणि दुसरा इस्पितळाचा दाखला. दाखल्याबाबत इशारा द्यावासा वाटतो. आपल्याकडची इस्पितळे मागितल्यावर खर्चाचा अंदाज छापून देतात, पण तो रजेचा पुरावा नव्हे. दाखला इंग्रजीत, इस्पितळाच्या नाममुद्रित कागदावर, डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक असलेला हवा, आणि त्यात रोगनिदान, शस्त्रक्रियेची तारीख व नंतर किती आठवडे शुश्रूषा लागेल हे तीनही असावे. तिसरी गोष्ट डॉक्टर आपण होऊन लिहीत नाहीत. ती मागून घ्यावी लागते, आणि 45 दिवसांचे समर्थन तिच्यातच असते.

मंजुरी लेखी घ्यावी, हे सांगण्याची गरज भासू नये. पण ‘जा, मागाहून बघू’ ह्या तोंडी आश्वासनावर विमानात बसणारे पुष्कळ आहेत. आश्वासन देणारा साहेब मधल्या काळात बदलला, की रजेचा साक्षीदारच नाहीसा होतो. साहेब लिहून देत नसेल, तर निघण्यापूर्वी ‘आपण आज मंजूर केल्याप्रमाणे’ असे आरंभून तारखांसह ईमेल पाठवावी. नोंद तरी राहते. पारपत्र मालकाकडे ठेवलेले असेल तर ते त्याच पत्रात मागावे. नोकराची अधिकृत कागदपत्रे अडकवून ठेवण्यास तेथील कायद्यानेच मनाई केली आहे. आणि मुक्काम फारच लांबला तरी, सामान्य निवासपरवाना सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यास रद्द ठरतो, ही सीमा विसरू नये.

येथवर जे सांगितले ते शिकलेल्या, हिशेब करू शकणाऱ्या माणसाचे झाले. बांधकामावरच्या गवंड्याला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला एवढे पत्र लिहून कोण देणार? शिवाय उत्तम पत्रही अखेर संमतीच मागते, ती सक्तीने मिळवू शकत नाही. परदेशी नोकरीचा करार येथून निघण्यापूर्वी होतो. त्यात वेतन, निवास, तिकीट ह्यांची कलमे आपण पाहतो. आईवडिलांच्या गंभीर आजारात निदान 30 दिवसांची बिनपगारी रजा नोकरी शाबूत ठेवून मिळेल, एवढे एक कलम त्यात असावे असा आग्रह आपल्या सरकारने धरला, तर मालकाला एका दिवसाचाही पगार द्यावा लागणार नाही. दर महिन्याला येणाऱ्या परकीय चलनाचा आकडा आपण कौतुकाने छापतो. ते चलन पाठवणाऱ्याला बापाच्या उशाशी बसण्यासाठी कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये, एवढी मागणी त्या आकड्याच्या मानाने फार मोठी नाही.