नंबर चुकला, आजी भेटली

नोव्हेंबर 2016 मधली गोष्ट. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या वाँडा डेंच यांनी नातवाला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा मेसेज केला : 24 तारखेला, दुपारी तीनला ये. नातवाचा नंबर बदललेला होता. मेसेज गेला जमाल हिंटन या सतरा वर्षांच्या मुलाकडे.

जमालने विचारलं, कोण? उत्तर आलं, तुझी आजी. त्याने फोटो मागितला आणि बाईंनी सेल्फी पाठवला. बाई गोऱ्या, जमाल कृष्णवर्णीय. त्यानेही आपला सेल्फी पाठवून कळवलं, की तुम्ही माझ्या आजी नाही. पण जेवायला आलो तर चालेल का? वाँडाबाई म्हणाल्या, जरूर ये, सगळ्यांना जेवू घालणं हे आजीचं कामच! जमाल खरोखर गेला. वाँडाबाईंचे पती लॉनी 2020 मध्ये कोविडने गेले, तरीही त्या सणाच्या जेवणाला दोघं भेटत राहिले.

जमालच्या गमतीतला क्रम बघण्यासारखा आहे. आधी त्याने खात्री करून घेतली, मग चूक स्पष्ट सांगितली आणि थट्टा शेवटी केली. तीही बाईंच्या चुकीची नाही, तर स्वतःच्या खादाडपणाची. ‘येतो आजी’ म्हणून तो नातू बनला असता, तर बाई फसल्या असत्या आणि खऱ्या नातवाला निमंत्रण पोहोचलंच नसतं.

आपल्याकडेही हे सहज जमतं. समजा मेसेज आला, ‘भाऊ, उद्या एक लिटर दूध जास्त टाका, पाहुणे येतायत.’ त्यावर लिहावं, ‘काकू, नंबर चुकला. माझ्याकडे म्हैस नाही, नुसती चहाची हौस आहे. दूधवाल्याला लगेच कळवा, नाहीतर पाहुण्यांना कोरा चहा प्यावा लागेल.’ यात काकूंचं काम अडत नाही आणि त्यांना ओशाळंही वाटत नाही. पलीकडून नुसतं ‘सॉरी’ आलं, तर तिथेच थांबावं. हसून काही विचारलं, तर गप्पा पुढे जातात.

मात्र काही मेसेज मुद्दाम ‘चुकून’ पाठवलेले असतात. ते ओळखायचे कसे? खरोखर चुकलेल्या माणसाचं काम खोळंबलेलं असतं. नंबर चुकल्याचं कळताच तो आपला माणूस शोधायला लागतो. फसवणाऱ्याला मात्र दुसरं कुणी शोधायचंच नसतं. ‘चुकून का होईना, ओळख झाली’ म्हणत तो तुमचं शहर, नोकरी विचारतो, दुसऱ्या ॲपवर बोलावतो आणि बऱ्याच दिवसांच्या गोड गप्पांनंतर गुंतवणुकीचा विषय काढतो. असं वळण दिसलं, की उत्तर न देता नंबर ब्लॉक करावा. पैसे गेलेच असतील, तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.