किती नेलं तर परवडेल?

‘एस्केप फ्रॉम टार्कोव्ह’ या रशियन गेमची बीटा आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि एक्स्ट्रॅक्शन शूटर हा खेळप्रकार तिथून रुजला. नियम सोपा पण निर्दय आहे. बंदूक, चिलखत, औषधं घेऊन नकाशावर उतरायचं, सापडेल ते गोळा करायचं आणि वेळ संपण्याआधी ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचं. वाटेत मेलात की अंगावरचं बहुतेक सगळं गेलं. त्यामुळे अनेकांच्या स्टॅशमध्ये, म्हणजे गेममधल्या कोठारात, चांगल्या बंदुका महिनोन्‌महिने पडून राहतात. खेळाडू याला ‘गिअर फिअर’ म्हणतात.

ही भीती हिशेबाने आटोक्यात येते. समजा, तुम्ही दहापैकी चार रेडमधून जिवंत परतता आणि दर वेळी सरासरी नव्वद हजार रूबलची (गेममधल्या चलनात) लूट आणता. म्हणजे दहा रेडची कमाई तीन लाख साठ हजार. उरलेल्या सहा रेडमध्ये किट जाणार. कमाईला सहाने भागलं की साठ हजार येतात. किट याहून स्वस्त असेल तर मरूनही तुम्ही फायद्यात राहता. दोन लाखांचं किट नेलंत तर सहा मरणांत बारा लाख जातात. महागड्या चिलखतामुळे चारऐवजी पाच वेळा वाचलात, तरी ती तूट भरून निघत नाही. आपण किती टक्के रेडमधून वाचतो, हे गेमच दाखवतो. अंदाजावर जायची गरज नाही.

साठ हजारांत काय बसवायचं? आधी गोळ्या. साधी बंदूक आणि चिलखत भेदणारी गोळी ही जोडी महाग बंदूक आणि हलकी गोळी यांच्यापेक्षा केव्हाही सरस. मग रक्तस्राव थांबवायचं औषध आणि रिकामी बॅग. किटवर विमाही उतरवावा. मारणाऱ्याने तुमचा माल नेला नाही, तर तो काही तासांनी परत मिळतो. स्वस्त सामान उचलायला सहसा कोणी थांबत नाही, म्हणून विम्याचा खरा फायदा साध्या किटलाच होतो. किल्ल्या आणि छोट्या मौल्यवान वस्तू सिक्युअर कंटेनरमध्ये ठेवाव्यात. मेलात तरी त्या जात नाहीत.

किट झेपण्यापलीकडचं झालंय, हे खेळण्यावरूनही कळतं. तुम्ही झुडपात बसून राहता, गोळीबार ऐकू आला की उलट्या दिशेने पळता आणि अर्धी बॅग रिकामी असतानाच बाहेरची वाट धरता. अशाने सरासरी लूट घटते. ती नव्वदवरून पंचेचाळीस हजारांवर आली, तर परवडणारं किट साठऐवजी तीस हजारांचं होतं. तेव्हा पुढच्या काही रेड त्याच किमतीत खेळा आणि सरासरी वर गेल्यावरच रक्कम वाढवा.