पानाची आठवण पंधरा दिवसांची, खोडाची कित्येक वर्षांची

गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल बहुतेक घरांत असते, पण ते फूल नाही आणि झाडही नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते आणि ओल धरून ठेवते, शेवाळ उन्हात अन्न तयार करते. शास्त्राच्या पुस्तकात याला शैवाक म्हणतात, कॉलेजात सरसकट लायकेन. मसाल्यातले दगडफूल जंगलातून येते. त्याचे साधेसुधे, चपटे भाऊबंद शहरातल्या आंब्याच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या खोडावर राखाडी ठिपक्यांसारखे चिकटलेले दिसतात. दिसतात, म्हणजे हवा बरी असेल तिथे.

पदवीच्या प्रत्येक शाखेला पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाल्यापासून वाणिज्य शाखेच्या मुलांनाही एखादा प्रकल्प करावा लागतो. हवेच्या प्रदूषणाचा विषय घेतला की पहिली अडचण यंत्रांची. त्यावर जुना उपाय म्हणजे रस्त्याकडेच्या झाडांनाच विचारणे. पानांवर किती धूळ बसली ते तोलायचे आणि खोडावर किती लायकेन टिकले ते मोजायचे. दोन्ही कामे स्वस्तातली आहेत, मात्र दोन्हींत फसायच्या जागा पुष्कळ.

पुण्यासारख्या शहरात वर्दळीच्या रस्त्यावरचा एक आंबा आणि कॉलेजच्या आवारात आत असलेला दुसरा आंबा अशी जोडी घ्यावी. झाडाची जात तीच हवी. पिंपळाचे पान लांब देठावर सतत सळसळते आणि धूळ झटकून टाकते, सागाचे खरखरीत पान ती धरून ठेवते. त्यामुळे रस्त्यावरचा साग आणि आवारातला पिंपळ यांची तुलना केली तर पानांचा स्वभाव मोजला जातो, हवा नव्हे. गुलमोहराची बारीक पाने तर धुवायलाही अवघड आणि मोजायलाही.

पान किती जुने आहे, हा दुसरा प्रश्न. आंब्याचे पान वर्षभराहून अधिक टिकते, शेजारची तांबूस पालवी चार दिवसांची असते. म्हणून दोन्ही झाडांवर डोक्याएवढ्या उंचीची दहा-दहा पक्की पाने निवडून ती स्वच्छ धुवावीत, देठाला दोरा बांधावा आणि बरोबर पंधरा दिवसांनी ती अलगद पिशवीत काढावीत. हे काम हिवाळ्यात करावे. मध्येच एक सर आली तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावर टँकरने झाडांना पाणी मारणारा माळीही पावसाइतकाच घात करतो, त्याला आधीच गाठलेले बरे.

प्रयोगशाळेत एक रिकामे बीकर तोलायचे, त्यात दहाही पाने मऊ ब्रशने धुवायची, पाणी ओव्हनमध्ये आटवायचे आणि बीकर थंड झाल्यावर पुन्हा तोलायचे. समजा रिकामे बीकर ४८.२१२ ग्रॅम होते आणि आता ४८.६३२ ग्रॅम भरले. धूळ झाली ४२० मिलिग्रॅम. पाने आलेखाच्या कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली, चौकोन मोजले आणि दहा पानांचे क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटर निघाले. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.६ मिलिग्रॅम. आवारातल्या पानांवर १४० मिलिग्रॅम निघाले, तर तो आकडा ०.२. रस्त्यावर तिप्पट.

हे गणित सोपे वाटते, पण ते नळाच्या पाण्याने सहज बिघडते. एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी २०० मिलिलिटर आटवले, तर तळाशी ६० मिलिग्रॅम क्षारच उरतात. आवारातल्या १४० मिलिग्रॅमची धूळ मग २०० दिसते आणि रस्त्याशी असलेले अंतर घटते. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच हवे. एकेक पान वेगळे तोलण्याचा मोहही टाळावा. ज्या काट्यावर १० मिलिग्रॅमच्या खालचे कळत नाही, त्यावर एका पानाची ४० मिलिग्रॅम धूळ म्हणजे निव्वळ अंदाज.

एवढे करून जे हाती येते ती मुख्यतः जाड धूळ असते. रस्त्याची माती, बांधकामाची रेती, टायर-ब्रेकची झीज. फुफ्फुसात खोल जाणारे अतिबारीक कण या तोलाईत जवळपास दिसत नाहीत, आणि वायू तर नाहीच नाहीत.

वायूंसाठी लायकेनकडे जावे लागते. त्याला मुळे नाहीत आणि पानांवर असते तसे मेणाचे आवरणही नाही. हवेतून आणि पावसातून येईल ते सगळे अंगभर शोषून घ्यायचे, हीच त्याची खाण्याची रीत, आणि वाढ वर्षाला काही मिलिमीटर. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत लायकेन कमी होत चालल्याची नोंद निलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ सालीच केली होती. पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी कोणती लायकेन दिसतात यावरून हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज देणारी दहा पायऱ्यांची पट्टी मांडली. प्रकल्पाच्या वह्यांत ती अजूनही उतरवली जाते, आणि खरे तर तिथेच गडबड होते. ती पट्टी इंग्लंड-वेल्सच्या थंड, ओल्या हवेची आणि कोळशाच्या धुराची. आपल्याकडे २०२० पासून इंधनातले गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आले आहे. रस्त्याकडेच्या लायकेनला आता अधिक छळतात ते नायट्रोजनचे वायू आणि धूळ. शिवाय इथल्या जातीही वेगळ्या. पिक्सिने कोकोएस नावाचे करडे लायकेन भारतीय शहरांच्या प्रदूषणातही तग धरते. ते एकटेच दिसले म्हणून हवा चांगली ठरत नाही.

मोजणीसाठी १० सेंटिमीटरच्या पाच चौकोनांची एक उभी शिडी तारेने बनवतात, ती खोडाच्या चारही बाजूंना लावतात आणि प्रत्येक चौकोनात किती वेगवेगळ्या प्रकारची लायकेन आहेत ते लिहितात. नावे आली नाहीत तरी चालते, रूपावरून वेगळी ओळखता आली की पुरे. शंका आली तर डागावर थोडे पाणी शिंपडावे. करडे लायकेन ओले झाले की आतले शेवाळ झळकून हिरवट होते, रंगाचा किंवा चुन्याचा डाग तसाच राहतो. युरोपीय पद्धतीत ही शिडी जमिनीपासून एक मीटरवर सुरू होते. आपल्याकडे नेमका तोवर गेरू-चुन्याचा पट्टा चढलेला असतो! मग शिडी पट्ट्याच्या वर न्यावी, आणि आवारातल्या झाडावरही तेवढ्याच उंचीला लावावी. साल सोलून टाकणारे पेरू आणि निलगिरी यांच्या वाटेला जाऊच नये.

खरी गंमत दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा येते. पानांवर धूळ भरपूर, पण खोडावर लायकेनच्या तीन-चार जाती सुखाने नांदताहेत, तर धूळ बहुधा अलीकडची. जवळपास खोदकाम सुरू आहे का ते पाहावे. उलट पाने बऱ्यापैकी स्वच्छ आणि खोड मात्र उघडेबोडके असेल, तर त्रास जुना असू शकतो.

असू शकतो एवढेच, कारण लायकेन नुसत्या कोरडेपणानेही मरते. महाबळेश्वरच्या खोडाशी पुण्याच्या खोडाची तुलना केली तर पाऊसच मोजला जाईल. एकाच शहरातही खोडाची दक्षिण बाजू उन्हाने लवकर वाळते. यावर एक पडताळा आहे. पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता निवडायचा आणि त्याच्या दोन्ही कडांची झाडे घ्यायची. उत्तरेकडच्या रांगेत रस्त्याची बाजू दक्षिणेला येते, दक्षिणेकडच्या रांगेत ती उत्तरेला. दोन्ही रांगांत दक्षिण बाजूच उघडी पडली असेल तर ते उन्हाचे काम. दोन्हीकडे रस्त्याकडे तोंड असलेली बाजूच उघडी असेल, तर मात्र वहीत वाहनांचे नाव लिहायला हरकत नाही.