खांद्याची शिवण, सुईवरच

हाताने विणलेल्या स्वेटरचा सगळा भार खांद्यांवरून लोंबत असतो. पाठ, पुढचा भाग आणि शिवाय दोन्ही बाह्या. तरीही आपल्याकडे सर्रास पाठीचे टाके बंद करतात, पुढच्या भागाचे टाके बंद करतात आणि मग त्या दोन बंद कडा जाड सुईत लोकर ओवून शिवतात. खांद्याचा उतार हवा म्हणून टाके टप्प्याटप्प्याने बंद केलेले असतात, त्यामुळे कडेला पायऱ्या पडतात. शिवताना त्या पायऱ्या लपवायची धडपड, आणि आतून दोन बंद कडांची जाड वळकटी. याऐवजी खांद्याचे टाके बंदच न करता जिवंत ठेवावेत आणि तिसऱ्या सुईने दोन्हीकडचे टाके एकत्र विणत बंद करावेत. मी बहुतेक स्वेटरांचे खांदे असेच जोडते.

एक उदाहरण घेऊ. मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरची सुई, १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी. खांद्याला ३० टाके, म्हणजे साधारण साडेतेरा सेंटिमीटर. उतारासाठी टाके बंद करण्याऐवजी अर्धवट ओळी विणायच्या. गळ्याकडून निघून २० टाके विणायचे, मुंढ्याकडचे १० तसेच सुईवर सोडायचे, पुढच्या टाक्याला लोकर गुंडाळून वळायचे आणि गळ्याकडे परत यायचे. पुन्हा १० टाके विणून तसेच वळायचे, परत यायचे. शेवटी गुंडाळलेली लोकर टाक्यासोबत उचलत तीसच्या तीस टाके एका ओळीत विणायचे. गळ्याची बाजू चार ओळींनी, म्हणजे सव्वा सेंटिमीटरहून थोडी जास्त उंच होते. पायरी कुठेच पडत नाही. टाके मोठ्या सेफ्टी पिनेवर किंवा दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यावर काढून ठेवावेत आणि मुंढ्याकडच्या टोकाला ६० सेंटिमीटर लोकर हाताशी असावी. ती नसेल तर नवी जोडून घ्यावी.

आता पाठ आणि पुढचा भाग सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवा. दोन्हींचे टाके दोन सुयांवर घ्या, दोन्ही सुयांची टोके उजवीकडे. उजवीकडे मुंढा यायला हवा. त्यासाठी अंगात घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याला पाठ आपल्याकडे धरावी, उजव्या खांद्याला पुढचा भाग. तिसरी सुई पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात घाला, तशीच मागच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात घाला आणि दोन्ही मिळून एक सुलट टाका विणा. दुसरी जोडी तशीच विणली की उजव्या सुईवर दोन टाके होतात. पहिला दुसऱ्यावरून ओढून खाली सोडा. असे करत गळ्यापर्यंत जायचे. शेवटचा टाका लगेच ओढून बंद करू नका. गळपट्टीचे टाके उचलताना तोच पहिला टाका होतो आणि गळ्याच्या कोपऱ्यात भोक पडत नाही.

सर्वात जास्त चूक होते ती ताणाची. जोड संपल्यावर तो मोजा. साडेतेराऐवजी बारा भरला तर खांदा आत ओढला जाऊन बाहीच्या माथ्याशी चुण्या पडतील. उलट दिशेने ओढून सगळे टाके सुयांवर परत घ्या आणि तिसरी सुई साडेचारची वापरा. शिवलेला खांदा असा सहज उसवत नाही, कात्री लावावी लागते. दुसरी चूक म्हणजे मागचा टाका निसटणे. पुढचाच टाका विणला गेला की मागच्या सुईवर एक टाका शिल्लक उरतो. म्हणून दर दहा जोड्यांनंतर दोन्हीकडे सारखेच टाके उरलेत ना, ते पाहावे. खरोखरच एका बाजूला एक टाका जास्त असेल, तर मध्यावर त्या बाजूचे दोन आणि दुसऱ्या बाजूचा एक असे मिळून विणावेत. बाहेरून दिसत नाही.

पाठीवर आणि पुढे एकच वेणीची नक्षी असेल तर या जोडाचे काम विशेष देखणे दिसते, कारण टाक्यासमोर टाका येतो आणि वेणी खांद्यावर बरोबर भिडते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या 'गँझी' स्वेटरांत हाच जोड कित्येकदा उलट बाजू आत ठेवून करतात. मग खांद्यावर बाहेरून एक ठसठशीत उंचवटा दिसतो, आणि तो नक्षीचाच भाग होतो.

शिवण मात्र काही ठिकाणी सरस ठरते. सुती धाग्याचा लांब, जड कोट असेल तर धागा स्वतः ताणून परत येत नाही. तिथे दोन बंद कडा आणि त्यावर शिवण, एवढा आधार लागतोच. पाठीचे आणि पुढचे टाके मुळातच वेगळ्या संख्येचे असतील, उदाहरणार्थ पुढे जाळी आणि मागे साधी वीण, तर शिवताना फरक हळूहळू सामावून घेता येतो, तिसऱ्या सुईने नाही. आणि खांद्याचे टाके आधीच बंद केलेले असतील, तर केवळ या जोडासाठी ते उसवत बसू नये, शिवून टाकावेत.