लहान घरासाठी राउटर: वाय-फाय ५, ६ की ६ई?

दोन खोल्यांच्या घरात १०० एमबीपीएसचे कनेक्शन असेल, तर वेगासाठी वाय-फाय ५ पुरेसे ठरते. मात्र त्याची सुधारणा फक्त ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यापुरती आहे. भिंतींपलीकडे अधिक पोहोचणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जुन्याच वाय-फाय ४ वर चालतो. वाय-फाय ६ दोन्ही पट्टे सुधारते आणि एकाच वेळी अनेक उपकरणांना वाटा देते. त्यामुळे नवी खरेदी करताना किमतीत थोडाच फरक असेल, तर तेच घ्यावे. ६ईमधला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींनी लवकर क्षीण होतो आणि तो वापरण्यासाठी फोनही त्या पट्ट्यावर चालणारा लागतो. योजना १०० एमबीपीएसहून वेगवान असेल, तर राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत का, हे तपासावे. नाहीतर वेग ९५ एमबीपीएसच्या आसपासच अडकतो.