खारपाणपट्ट्यातील प्रकल्पाचे गुण

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील विहिरींची क्षारता मोजण्याचा प्रकल्प एखाद्या महाविद्यालयाने दिला, तर त्याचे मूल्यमापन रुब्रिकने, म्हणजे प्रत्येक निकषाचे कमाल गुण आधीच ठरवणाऱ्या तक्त्याने, करता येते. समजा, नमुने गोळा करण्यास १०, मोजणीस १५, विश्लेषणास १० आणि अहवालास ५ असे एकूण ४० गुण ठेवले आणि विद्यार्थ्याला अनुक्रमे ८, ९, ७ व ४, म्हणजे २८ गुण मिळाले.

अभ्यासक्रमात प्रकल्पाचा भार, म्हणजे अंतिम १०० गुणांतील त्याचा वाटा, २० असल्यास २८ ला ४० ने भागून २० ने गुणावे. उत्तर १४ येते. चूक बहुधा येथे होते, की प्रत्येक निकषाची टक्केवारी (८०, ६०, ७०, ८०) काढून तिची सरासरी ७२.५ घेतली जाते आणि १४.५ गुण पडतात, कारण ५ गुणांचा अहवाल १५ गुणांच्या मोजणीच्या तोलाचा ठरतो आणि सुबक अहवाल कच्ची मोजणी झाकतो. गंमत अशी, की पैकीच्या पैकी गुणांवर पडताळणी केली असता दोन्ही रीती २० च देतात. म्हणून पडताळणी असमान टक्केवारीच्या गुणांवरच करावी.