मोफत की साजेसं? एका अक्षराचा सवाल

समजा, भोसरीतल्या एका फर्निचरवाल्याने चाकणच्या कंपनीला 40 खुर्च्यांचं कोटेशन ई-मेलने पाठवलं. खुर्चीचा दर लिहिला, डिलिव्हरीची तारीख लिहिली आणि शेवटी एक ओळ टाकली, की खुर्च्यांसोबत 'कॉम्प्लिमेंटरी' उशा मिळतील. त्याच्या मनातला अर्थ होता : खुर्चीच्या रंगाला साजेशा उशा, प्रत्येकी 350 रुपये, हव्या असतील तर घ्या. कंपनीच्या परचेस खात्याने वाचलं : उशा मोफत. माल पोचला, बिल गेलं, आणि बिलात उशांचे 14,000 रुपये दिसताच पेमेंट अडलं.

चूक कोणाची, हे ठरवायला स्पेलिंगमधलं एकच अक्षर पाहावं लागतं. 'एल'नंतर 'आय' असेल तर त्या शब्दाचा अर्थ कौतुकाचा, किंवा सौजन्य म्हणून दिलेला, म्हणजेच फुकट. 'एल'नंतर 'ई' असेल तर अर्थ पूरक, एकमेकांना शोभणारा. फर्निचरवाल्याने 'आय' टाइप केला होता. त्यामुळे इंग्रजीच्या हिशेबाने कंपनीने बरोबरच वाचलं. शिवाय लेखी व्यवहारात एखादा शब्द संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, असं कायद्याचं एक जुनं तत्त्व आहे. इथे तर शब्द संदिग्धही नव्हता. बोलताना सारखेच ऐकू येणारे हे दोन शब्द देवनागरीतही आपण सारखेच लिहितो. टाइप करताना मात्र त्यांतला एक निवडावाच लागतो.

अशा समोच्चारी शब्दांच्या चुकांकडे सहसा 'इंग्रजी कच्चं' म्हणून पाहिलं जातं आणि सगळ्या चुका एकाच मापाने मोजल्या जातात. मला ते चुकीचं वाटतं. चुकीचा शब्द पडल्यावर वाक्याचा अर्थ लागेनासा होतो, की वेगळाच पण पटण्याजोगा अर्थ लागतो, हे आधी पाहायला हवं. हॉटेलने 'ब्रेकफास्ट कॉम्प्लिमेंटरी' लिहिताना 'आय'ऐवजी 'ई' टाकला, तरी नाश्त्याला पैसे पडणार नाहीत हे पाहुण्याला कळतं, कारण नाश्ता खोलीला 'साजेसा' असू शकत नाही. उशा मात्र साजेशाही असू शकतात आणि फुकटही. दोन्ही अर्थ बसतात तिथे वाचणाऱ्याला शंकाच येत नाही, त्यामुळे तो विचारतही नाही. पैशांचा घोळ होतो तो अशाच जागी.

हे दोन शब्द मुळात एकच होते. लॅटिनमध्ये पूर्ण करणं, भरून काढणं अशा अर्थाचा एक शब्द होता, त्यातून दोन्ही आले. 'ई'वाला सरळ त्या अर्थाशी राहिला, म्हणून जहाजावरच्या पुऱ्या खलाशीसंख्येलाही इंग्रजीत तोच शब्द आहे. दुसरा इटालियन आणि फ्रेंच दरबारी बोलीतून फिरून आला. शिष्टाचार 'पुरा करणं', मग शिष्टाचाराचे गोड शब्द, मग कौतुक, आणि पुढे सौजन्य म्हणून दिलेली भेट, असा त्याचा प्रवास. बराच काळ इंग्रजीत दोन्ही अर्थांना 'ई'चंच स्पेलिंग चालत असे; वाटण्या नंतर झाल्या. लक्षात ठेवायला सोपी खूण आहे. 'कम्प्लीट' या शब्दात 'एल'नंतर 'ई' येतो, आणि पूरक म्हणजे पुरं करणारं. कौतुक असेल तर 'आय'.

स्टेशनरीची गोष्ट तुलनेने निरुपद्रवी आहे, पण तिचा उगम सांगण्यासारखा आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं आणि लेखनाचं साहित्य विकणारे मात्र एका जागी ठाण मांडून बसत, म्हणून त्यांना 'स्टेशनर' म्हणू लागले. लंडनमधली त्यांची संघटना 1403 सालची. तिला राजाज्ञा मिळाली 1557 साली. म्हणजे 'एका जागी थांबलेलं' आणि 'कागद-पेनं' हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. विकणारा तो 'स्टेशनर', त्याच्या शेवटी 'ईआर', म्हणून त्याच्या मालाच्या स्पेलिंगमध्येही 'ई'. हलत नाही ते 'ए'चं. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही स्पेलिंगं दिसतात आणि गिऱ्हाइकाचं त्यामुळे काही अडत नाही. मुंबईत चर्नी रोडला शासनाचं मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय आहे, त्याच्या मराठी नावात तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

तरी एक जागा जपायची. 'दुसऱ्या मजल्यावरचा स्टेशनरी स्टॉक हलवा' असा मेल गोदामात गेला आणि त्यात 'ए' असेल, तर स्टोअरकीपर तो पडून राहिलेला, न खपलेला माल समजू शकतो. गोदामात 'नॉन-मूव्हिंग' मालाची यादी वेगळी असतेच. कागदाच्या रिमांऐवजी वर्षभर पडून असलेले सुटे भाग हलवले गेले, तर दोष त्याला देता येणार नाही.

आता लूज. सैल असलेलं ते दोन 'ओ'चं आणि हरवणं, गमावणं ते एका 'ओ'चं. हे दोन शब्द खरं तर समोच्चारी नाहीतच. इंग्रजांच्या तोंडी सैलच्या शेवटी 'स' आहे, 'लूस'. आणि गमावण्याच्या शेवटी 'झ'कडे झुकणारा आवाज, 'लूझ'. आपण मात्र सैलला 'लूज'च म्हणतो. नट लूज झाला, पँट लूज होतेय, मुलाला लूज मोशन झाले. हा शब्द मराठीत रोजचा आहे आणि तो 'ज'चाच आहे. त्यामुळे मूळ भाषेत कानाला जाणवणारा फरक आपल्या कानाला मिळतच नाही. कार्यालयात 'ऑर्डर लूज होईल' असं मनात आलं, की बोटं ओळखीचा, दोन 'ओ'वाला शब्द टाइप करतात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, तेही इथे सर्रास चुकतात, आणि त्याला कारण इंग्रजी स्पेलिंगच आहे. 'चूझ' म्हणजे निवडणं हे दोन 'ओ'ने लिहितात, मग त्याच्याशी यमक जुळणारा 'लूझ' एका 'ओ'ने का? याला नियम नाही. तो लक्षातच ठेवावा लागतो. 'लॉस्ट' या भूतकाळी रूपात एकच 'ओ' आहे, तेवढी खूण पुरते.

या चुकीने अर्थ क्वचितच बदलतो. 'वुई मे लूज द ऑर्डर' कोणत्याही स्पेलिंगने वाचणाऱ्याला कळतं. पण तीच ओळ ग्राहकाला, नोकरी देणाऱ्याला किंवा परदेशी कार्यालयाला गेली, तर मजकुराआधी चूक दिसते. पैशाचं नुकसान नाही, पण छाप पडते, आणि ती पुसायला दुसरा मेल पाठवता येत नाही.

एवढं माहीत असलेला माणूसही चुकतो, हे मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपण टाइप करतो ते मनातल्या मनात बोलून, आणि बोट त्या आवाजामागे जातं. वाचतानाही आवाज मध्ये येतो. गाय व्हॅन ऑर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी एक वर्ग सांगायचा, उदाहरणार्थ 'फूल', मग पडद्यावर क्षणभर एक शब्द दाखवायचा आणि विचारायचं, हा त्या वर्गातला आहे का. 'रोझ' या फुलाऐवजी त्याच उच्चाराचा, 'रांगा' अर्थाचा शब्द दाखवला, तेव्हा लोक फसून 'हो' म्हणाले. दिसायला तितकाच जवळचा पण उच्चाराने वेगळा शब्द दाखवला, तेव्हा असं फार कमी वेळा झालं. ते सगळे इंग्रजी उत्तम वाचणारे होते. म्हणून स्वतःचा मेल 'पुन्हा एकदा वाचून' ही चूक सापडत नाही. मनात योग्य शब्द आधीच वाजत असतो आणि डोळा त्याला होकार देतो.

स्पेलचेकही पुरेसा नाही. त्याचं मूळ काम म्हणजे शब्द शब्दकोशात आहे का हे पाहणं, आणि हे सगळे शब्द तिथे आहेत. मायक्रोसॉफ्टने वर्ड 2007 पासून शेजारच्या शब्दांवरून असे शब्द ओळखायची सोय दिली. ती 'लूज'सारखी उघड चूक बरेचदा पकडते. पण उशांच्या वाक्यात दोन्ही शब्द चालत असल्याने तिथे निळी रेघ उमटायचं कारणच नसतं.

डेस्कटॉपवरच्या वर्डमध्ये एक कमी माहितीची सोय आहे आणि ती इथे खरंच कामाची आहे. आपण सांगू ते शब्द वर्ड, बरोबर असले तरी, चूक समजून लाल रेघ मारतो. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाइप करून एंटर दाबायचं :

```
%AppData%\Microsoft\UProof
```

तिथे `ExcludeDictionary` या नावाने सुरू होणाऱ्या फाइली असतात. नावाच्या शेवटचे आकडे भाषेचे : अमेरिकी इंग्रजी 0409, ब्रिटिश 0809, भारतीय 4009. वर्डच्या खालच्या पट्टीवर जी भाषा दिसते, तिची फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, एका ओळीत एक शब्द असे छोट्या लिपीतले शब्द घालायचे, सेव्ह करायचं आणि वर्ड बंद करून पुन्हा सुरू करायचा.

```
loose
stationary
complimentary
```

आता हे शब्द आले की रेघ उमटेल आणि तुम्ही थांबाल. मग शब्दाच्या जागी मराठी ठेवून पाहा : सैल की गमावणं, थांबलेलं की कागद-पेनं, मोफत की पूरक? मराठीत ही प्रत्येक जोडी पूर्ण वेगळ्या आवाजाची आहे, त्यामुळे कान फसत नाही. यादी छोटी ठेवा, आपल्याकडून खरोखर चुकतात तेवढ्याच शब्दांची. मेंटेनन्स खात्यात, जिथे 'लूज कनेक्शन' दिवसातून अनेकदा लिहायचं असतं, तिथे दोन 'ओ'वाला शब्द यादीत घातला तर रेघांकडे लक्ष देणंच बंद होईल. तिथे एका 'ओ'चा घाला.

ही फाइल त्या एका संगणकापुरती असते. ब्राउझरमधल्या वर्डला आणि मोबाइलला ती लागू नाही, आणि आपले बरेच दर आता मोबाइलवरूनच जातात. दर पाठवताना म्हणूनच तो शब्द अजिबात वापरू नका. उशा फुकट असतील तर 'फ्री ऑफ चार्ज' लिहा आणि दराच्या रकान्यात शून्य टाका. नसतील तर 'मॅचिंग, चार्ज्ड सेपरेटली' लिहून प्रत्येकी 350 रुपये हा आकडा शेजारी मांडा.